लाल बटणाला हात लावायचा नाही

चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवताना माझा आवाज जितका चढला नसेल, तितका तो आजोबांना माऊस धरायला शिकवताना चढला. आजोबा माऊस चिंबोरी धरल्यासारखा धरायचे. मागून, दोन बोटांत, नांगी लागू नये अशा बेताने. खोडाळ्याच्या खाचरात जन्मभर चिंबोऱ्या पकडलेला माणूस तो, त्याला दुसरं काही सुचणार तरी कसं? मी म्हणायची, "आजोबा, चावत नाही ते. सगळा हात ठेवा वर." ते हात ठेवायचे, आणि मी जरा पाठ फिरवली की पुन्हा दोन बोटं.

आम्ही तेव्हा जव्हारला राहायचो. मी तिथे प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आईवडील आम्ही लहान असतानाच गेले. मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला आजी-आजोबांनीच वाढवलं, आणि मला नोकरी लागल्यावर मी दोघांना खोडाळ्याहून जव्हारला आणलं. आजोबा यायला तयार नव्हते. नागलीची पेरणी कोण करणार, असं म्हणत त्यांनी एक पावसाळा ढकलला, पण दुसऱ्या वर्षी गुडघ्यांनी त्यांचं ऐकलं नाही. बहीण लग्न करून नवऱ्याबरोबर जर्मनीला गेली. त्याला तिथे कंपनीने पाठवलं होतं.

शिक्षकांना संगणकाची परीक्षा सक्तीची झाली म्हणून मी संगणक घेतला होता. परीक्षा झाली, आणि त्यावर मी क्रोशाचा रुमाल घातला. टेलिफोनच्या तारेवरून चालणारं इंटरनेट जव्हारात आलं तेव्हा बहिणीच्या नवऱ्यानेच सुट्टीत येऊन सगळी जोडणी करून दिली. मॉनिटरच्या डोक्यावर चिमट्याने लावायचा कॅमेरा, दोन स्पीकर, आणि बोलायला एक छोटा माईक. जाताना तो म्हणाला, "आता रोज भेटू." तो भेटला, बहीण भेटली, आजोबा भेटले. भेटली नाही ती आजी.

म्हणजे ती खोलीत असायची. दाराच्या पडद्यामागे उभी राहून सगळं ऐकायची, मधूनच प्रश्नही विचारायची. "तिकडं भात मिळतो का गं?" बहीण म्हणायची, "आजी, पुढे ये ना, दिसत नाहीस." मग पडद्यातून एक बांगड्यांचा हात बाहेर यायचा, हलायचा आणि आत जायचा. स्वतःच्या लग्नात आजी-आजोबा पाटावर शेजारी शेजारी बसले होते, त्यानंतर आजी आजोबांच्या शेजारी खुर्चीत कधी बसली नव्हती. एसटीतसुद्धा ती बायकांच्या बाकावर जायची. इथे तर समोर जावई. "जावयासमोर म्हाताऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसू? लोक काय म्हणतील?" मी विचारलं, "जर्मनीतले लोक?" तर म्हणाली, "लोक सगळीकडं सारखेच."

आजोबांना उठवावं आणि आजीला एकटीला बसवावं, हेही करून पाहिलं. ते उठले की ती म्हणायची, मी बसणार आणि ते उभे, हे बरं दिसतं का? दोन वर्षं बहिणीने आजीचा आवाज ऐकला आणि हात पाहिला. एकदा तिने मला वेगळा फोन करून विचारलं, "तायडे, आजी खरंच बरी आहे ना? तू काही लपवत तर नाहीस?" मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

मग बहिणीला दिवस गेले. आईच्या जागी मीच, म्हणून बाळंतपणाला मी जायचं ठरलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत. बातमी कळली त्या दिवशी आजी पडद्यामागून म्हणाली, "बारशाला पाळणा कोण म्हणेल तिथं?" मला पाळणा येत नाही, माझा गळा म्हणजे शाळेची घंटा. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाचा पाळणा आजीने म्हटलेला. तिच्या पाळण्याच्या शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव येतं, आणि ते नाव त्या कडव्यात आजीच्या तोंडून येईस्तोवर घरातलं कोणी बाळाला नावाने हाक मारत नाही. वडिलांचं तसं झालं, माझं झालं, बहिणीचं झालं. आजी म्हणाली, "पाळण्याशिवाय नाव ठेवलं तं ते चिकटत नाय."

बहीण तिकडून म्हणाली, "मग तू इथूनच म्हण. पण मला दिसायला पाहिजेस. नुसता हात नको."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती संगणकासमोर उभी होती, रुमाल उचलून बघत. मला म्हणाली, "तू जाशील तं हे कोण चालू करेल? ह्यांच्या भरवशावर मना ठेवू नको. मना शिकव."

असे माझे दोन विद्यार्थी झाले. एकाला माऊस धरता येईना आणि दुसरीला खुर्चीत बसवत नव्हतं. आजोबा खुर्चीत आणि आजी त्यांच्या मागे उभी, असा वर्ग भरायचा. मी पायऱ्या पाडून दिल्या. आधी खालच्या डब्याचं गोल बटण. मग त्या चपट्या पेटीवरचे दिवे बघायचे, ते लुकलुकायचे थांबून नीट पेटले की इंटरनेट आलं. मग पडद्यावरच्या चित्रावर बाण नेऊन दोनदा टिचकी. आजोबांची पहिली टिचकी आणि दुसरी टिचकी यांच्या मध्ये माणूस चहा पिऊन आला असता. शेवटी आजी म्हणाली, "दार कसं वाजवता? टक करून थांबता का? टकटक." ते मात्र त्यांना एका फटक्यात जमलं.

पुढे बहिणीचा फोटो यायचा. फोटोशेजारी हिरवी खूण असेल तर ती तिकडे बसलेली आहे, करडी असेल तर नाही. हे आजीला फार आवडलं. घरात कोणी आहे का ते आधी बघायचं, मग हाक मारायची, रीतच आहे ती. पण फोटोवर बाण न्यायची वेळ आली की ती आजोबांचा हात धरायची. "पोरीच्या तोंडावर बाण मारता?" मी समजावलं, नुसतं दाखवायचं आहे, लागत नाही. तरी बाण कधी केसांवर जायचा, कधी खांद्यावर. चेहऱ्यावर तिने जाऊ दिला नाही. तेवढ्याने भागत होतं म्हणून मीही सोडून दिलं.

खरी अडचण बटणांची होती. हिरव्या बटणाने फोन लागायचा, पण नुसता आवाज जायचा. चित्र जायला कॅमेऱ्याचं वेगळं बटण दाबावं लागायचं. आणि शेजारीच लाल बटण, ते दाबलं की सगळं बंद. आजोबांचा बाण कॅमेऱ्याकडे जाता जाता लालावर घसरायचा, आणि तिकडे बहीण "हॅलो" म्हणता म्हणता नाहीशी व्हायची. सारखं असं झाल्यावर माझा संयम सुटला. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "आजोबा, एकच लक्षात ठेवा. हिरवं म्हणजे चालू. लाल म्हणजे बंद. लाल दिसलं की त्याला हात लावायचा नाही. कुठेही. कधीही."

आजोबा शहाण्या मुलासारखे म्हणाले, "लालाला हात लावायचा नाय."

आजीला लाल बटण वेगळ्याच कारणाने नको होतं. बोलणं संपलं की बंद कोणी करायचं, हा प्रश्न रोज यायचा. माणूस दारात उभं असताना आपण दार लावतो का? बहीण म्हणायची, "आजी, ठेव." आजी पडद्यामागून म्हणायची, "तू ठेव." असं होता होता शेवटी बिचारी बहीणच बंद करायची.

मी निघाले तोवर आजोबांना सगळ्या पायऱ्या तोंडपाठ झाल्या होत्या. आजीलाही. फक्त ती खुर्चीत बसत नव्हती. निघताना मी तिच्या पाया पडले आणि म्हटलं, "त्या दिवशी समोर बस. तिला तुझं तोंड बघायचंय." ती म्हणाली, "बघू." आमच्या आजीचा 'बघू' म्हणजे हो की नाही, हे आजोबांनाही कधी कळलं नाही.

मुलगी झाली. गोरी, टकली आणि भयंकर रागीट. बाराव्या दिवशी बारसं. त्या उन्हाळ्यात जव्हारला लाईट दुपारी यायची आणि चारच्या ठोक्याला पुन्हा जायची. लाईट आली की फोन आजोबांनीच लावायचा, कारण ती कधी येईल हे तिकडे बसून आम्हाला काय कळणार? आम्ही लॅपटॉपसमोर बसून राहिलो. बहिणीच्या मांडीवर बाळ, तिचा नवरा कॅमेरा घेऊन उभा, आणि मी, जिला काहीच करता येत नव्हतं अशी.

बऱ्याच वेळाने घंटी वाजली. हिरवं दाबलं. आधी अंधार, मग चित्र आलं, आणि बहिणीचा नवरा म्हणाला, "हे काय आहे?"

चित्रात ना आजोबा होते ना खुर्ची. चित्रात एक दगडी वरवंटा होता. त्याला बाळाचं टोपडं घातलं होतं, काजळाचे डोळे काढले होते, आणि तो एका झोळीत झोपला होता. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात, हे मला माहीत होतं. पण ती झोळी मी ओळखली. आजीच्या जुन्या लुगड्याची, आम्ही दोघी जिच्यात झोपलो ती. खोडाळ्याच्या घरातून ती जव्हारला आली आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आजीने कॅमेरा मॉनिटरवरून काढून तारेसकट खालच्या पाटावर ठेवला होता.

मग झोळीच्या मागे आजी येऊन बसली. जमिनीवर, मांडी घालून, डोक्यावर पदर घेऊन. खुर्चीचा प्रश्नच तिने मिटवून टाकला होता. वरच्या बाजूला आजोबांचे गुडघे दिसत होते, म्हणजे ते खुर्चीत माऊस धरून होते. आजीने झोळीची दोरी धरली आणि मान वर केली. ती आम्हालाच शोधत होती. बहिणीने माझा दंड घट्ट धरला. आजी वाळली होती, कपाळावरचं कुंकू जरा तिरकं लागलं होतं, पण ती आजी होती, पूर्ण.

तिने ओठ हलवायला सुरुवात केली. झोळी हलत होती, ओठ हलत होते, आणि आवाज नव्हता.

"आजी, ऐकू येत नाही!" मी ओरडले. आजीने थांबून वर पाहिलं, म्हणजे आमचं तिला ऐकू जात होतं. "आजोबा, माईक बघा. डब्याच्या मागे वायर लागलीये का बघा." गुडघे हलले. आजोबांची टोपी चित्रात आली, गेली. बराच वेळ काही नाही. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून मी सारखी तिकडेच बघत होते. मग आजोबांचा हात कॅमेऱ्यासमोर आला. दोन बोटांत, चिंबोरी धरावी तशी, एक वायर. तिच्या टोकाला लालसर गुलाबी पिन.

माईकची पिन. डब्याच्या मागे स्पीकरची पिन हिरवी असते आणि माईकची गुलाबी. आजोबांनी सकाळी साफसफाई करताना ती पाहिली, आणि मास्तरीण नातीने शिकवल्याप्रमाणे, आज बारसं, आज काही बंद पडायला नको म्हणून ती उपटून जपून ठेवली होती. आता ते ती दाखवून दुसऱ्या हाताचं बोट हलवत होते. नाही, नाही. लालाला हात लावायचा नाय.

"आजोबा, ते लाल वेगळं! ते लाल चालतं. हिरव्याच्या शेजारच्या भोकात घाला."

बोट हलतच राहिलं. मी त्यांना इतकं घोकून घेतलं होतं की आता माझंही ऐकायला ते तयार नव्हते. बहिणीला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. शेवटी आजी झोळी सोडून उठली. तिने त्यांच्या हातातून वायर घेतली आणि वाकून डब्यामागे गेली. खरखर झाली, मोठा टॉक आवाज आला, आणि त्या दिवसाचं जव्हारचं पहिलं वाक्य आम्हाला ऐकू आलं: "मी सकाळीच बोलले होते, उपटू नका."

"तूच बोललीस ना बाय, लाल म्हणजे बंद?" आजोबा मला म्हणाले.

मी म्हटलं, "आजी, शेवटची दोन कडवीच म्हण. चार वाजत आलेत." आजीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. पाळणा मधून म्हणत नाहीत. ती पुन्हा बसली, पदर नीट केला, वरवंट्याला नीट झोपवलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. आवाज तुटत होता. एखादा शब्द मागे राहायचा, पुढचे दोन एकदम यायचे. चित्रात झोळी इकडे असायची आणि आजीचा हात तिकडे पोचलेला असायचा. तरी बाळ रडायचं थांबलं होतं. बहिणीने तिला पडद्याच्या अगदी जवळ धरलं. पाळण्यात डोंगर आला, मामाचं गाव आलं, आजोळची गाय आली. मला वाटलं, होतंय, पुरतंय. शेवटच्या कडव्याआधी आजी थांबली आणि म्हणाली, "काय ठेवलं नाव? मना सांग आता."

बहिणीने तोंड उघडलं आणि आजी गोठली. हात दोरीवर, मान जराशी पुढे, ऐकायला. चित्र तसंच राहिलं थोडा वेळ, मग गेलं.

"लाईट," बहिणीचा नवरा म्हणाला. मला त्याला मारावंसं वाटलं. बहीण त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत होती. "एक कडवं राहिलं," ती म्हणाली. "एकच राहिलं तायडे." बाळंतिणीने रडू नये म्हणतात, पण तिला कोण सांगणार? मी स्वतःच रडत होते.

मग मला टेलिफोन आठवला. साधा टेलिफोन, ज्याला लाईट लागत नाही. मी जव्हारचा नंबर फिरवला. पहिल्या घंटीला उचलला. आजी हॅलो म्हणाली नाही. तिने एवढंच विचारलं, "नाव काय?"

बहिणीने सांगितलं. आजीने ते नाव तोंडात घोळवून बघितलं असणार. मग म्हणाली, "पोरीच्या कानाला लाव."

बहिणीने रिसीव्हर त्या इवल्याशा कानाला लावला. शेवटचं कडवं आम्हा कोणालाच नीट ऐकू आलं नाही. माशी गुणगुणावी तेवढाच आवाज बाहेर येत होता. बाळ मात्र डोळे मोठे करून ऐकत होतं. आमच्यात नाव आत्याने कानात सांगायचं असतं, पण आमच्या भाचीच्या कानात ते पहिल्यांदा पणजीने सांगितलं, जव्हारहून. बहिणीने रिसीव्हर परत आपल्या कानाला लावला, ऐकलं, आणि हसली. मला म्हणाली, "विचारतेय, मी नीट दिसले का."

रात्री जव्हारला लाईट आली तेव्हा पुन्हा घंटी वाजली. या वेळी कॅमेरा मॉनिटरवर होता आणि खुर्चीत आजी होती, एकटी. आजोबा जेवून झोपले होते, म्हणून ती बसली होती. इतकी जवळ की अर्धं चित्र कपाळाचंच. तिने बाळाला नावाने हाक मारली, मग बहिणीला खाण्याविषयी दरडावलं, मग मला, मग बोलण्यासारखं काही उरलं नाही.

"ठेव आजी," बहीण म्हणाली.

"तू ठेव."

बहिणीने माऊसला हात लावला आणि काढून घेतला. तिने लॅपटॉप तसाच बाळाच्या पाळण्याशेजारी ठेवून दिला. आजी थोडा वेळ बसली, मग उठून सूप घेऊन आली आणि तिथेच तांदूळ निवडायला लागली. आम्ही इकडे कपडे वाळत घातले. मध्येच आजी विचारायची, "झोपली का?" बहीण म्हणायची, "हो." त्या रात्री, आणि पुढेही कित्येक वर्षं, आजीने फोन कधी बंद केला नाही. ते काम जव्हारची लाईट करायची.